करेक्शनला ब्लॉक ठेवलाय का?

फ्रीलान्स डिझाइनचं काम सुरू करून दोन-चार ग्राहक हाताशी आले, की डायरीत तारखा भरायला लागतात. शुक्रवारी कॅटलॉग, पुढच्या आठवड्यात मसाल्याच्या पाऊचची लेबलं, दर सोमवारी पुण्याच्या कंपनीचं प्रेझेंटेशन. या यादीवरून काम कधी द्यायचं एवढं कळतं. ते बसून कधी करायचं, आणि दिलेलं काम करेक्शनसाठी परत आलं की कधी हातात घ्यायचं, याला तिच्यात जागाच नसते. ब्लॉक, म्हणजे एकाच कामाला सलग दिलेले तास, आखून काम करणारे नवे लोक बहुतेक या परत येणाऱ्या कामातच बुडतात. म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर सांगतो.

आधी आठवड्यात किती ब्लॉक असतात ते बघू. सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे 48 तास. यातले दिवसाला दोन तास फोन, मेल, व्हॉट्सॲप, कोटेशन, बिलं आणि पैशांचा तगादा यात जातात. ते जाणार नाहीत असं धरून आखलेला आठवडा मंगळवारीच मोडतो. उरले दिवसाला सहा तास, म्हणजे दोन-दोन तासांचे तीन ब्लॉक, आठवड्याला 18. दिवस साधारण असा बसतो: 9 ते 11 पहिला ब्लॉक, सव्वाअकरा ते सव्वाएक दुसरा, मग जेवण, अडीच ते साडेतीन फोन आणि मेल, साडेतीन ते साडेपाच तिसरा, आणि साडेसहापर्यंत पुन्हा फोन. दोन तासच का? तासाभरात फाइल उघडून हात बसेपर्यंत उठायची वेळ होते, आणि तीन तास सलग लेआउट केला की शेवटच्या तासातल्या चुका दुसऱ्या दिवशी काढत बसावं लागतं.

आता खरा हिशेब. या 18 ब्लॉकपैकी नव्या कामाला फक्त 14 द्यायचे. उरलेले चार मागच्या आठवड्यात पाठवलेल्या कामाच्या करेक्शनचे. ते रिकामे दिसतात, पण रिकामे नसतात. कोणी विचारलं, "या आठवड्यात जागा आहे का?" तर ते चार मोजायचेच नाहीत.

का, ते एका उदाहरणावरून बघा. पुण्याच्या कंपनीला आठवड्याला चार ब्लॉक, एका दुकानाच्या सोशल मीडिया पोस्टना एक. हे पाच ठरलेले. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीचा 24 पानी कॅटलॉग आहे. पानाला 40 मिनिटं धरली तर 16 तास, सुरुवातीची मांडणी आणि फोटोंची साफसफाई दोन तास, म्हणजे 18 तास, नऊ ब्लॉक. मसाल्याच्या सहा पाऊचची लेबलं पुढच्या आठवड्यात: पहिलं लेबल सहा तास, बाकीची पाच एकेक तास. 11 तास होतात, सहा ब्लॉक धरा.

पहिल्या आठवड्यात पाच आणि नऊ, झाले 14. डायरीत चार मोकळे दिसतात, म्हणून उद्घाटनाची पत्रिका आणि फ्लेक्स घेतला जातो. 18 भरले. दुसऱ्या आठवड्यात पाच आणि सहा, म्हणजे 11. सात मोकळे, म्हणून हॉटेलचं मेनूकार्ड घेतलं. पुन्हा 18. कागदावर आठवडा गच्च आणि छान दिसतो.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी कॅटलॉगची करेक्शन येतात. पहिल्या फेरीत मूळ वेळेच्या एक तृतीयांश धरा, म्हणजे तीन ब्लॉक. पत्रिकेचा एक. हे चार ब्लॉक आणायचे कुठून? रात्री बसायचं, नाहीतर मेनूकार्ड पुढे ढकलायचं. ढकललं, की तिसऱ्या आठवड्यात मेनूकार्डाचे उरलेले चार, पाऊचच्या करेक्शनचे दोन आणि मेनूकार्डाच्या करेक्शनचे दोन असे आठ ब्लॉक सोमवारी सकाळीच गेलेले असतात. 18 पैकी आठ! आणि एकही नवं काम हातात घेतलेलं नसतं. मग वाटतं, आपण फार हळू काम करतो. हात हळू नसतो हो. पहिल्या आठवड्यात विकलेले ते चार ब्लॉक आधीच कॅटलॉगचे होते.

हेच चार राखून ठेवले असते तर पत्रिकेला लगेच हो म्हणण्याऐवजी "पुढच्या आठवड्यात सुरू करतो" म्हटलं असतं, मेनूकार्ड त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलं असतं, आणि मंगळवारची करेक्शन साडेतीनच्या ब्लॉकमध्ये निमूट बसली असती.

ते चार ब्लॉक कुठल्या वारी ठेवायचे हे ग्राहकावर ठरतं. सगळे शनिवारी ठेवले तर मंगळवारी आलेलं करेक्शन चार दिवस पडून राहतं आणि तोवर दहा फोन येतात. मंगळवार, बुधवार, गुरुवारचा तिसरा ब्लॉक आणि शनिवारचा पहिला, अशी मांडणी कोल्हापुरात चालते. कारण असं: इथल्या कारखान्यांची सुट्टी बऱ्याचदा सोमवारी असते आणि पुण्याच्या ऑफिसची शनिवार-रविवारी. कॅटलॉग शनिवारी संध्याकाळी पाठवला तर मालक तो रविवारी घाईत बघतो, सोमवारी गेट बंद, आणि तुमच्या एका साध्या शंकेला, समजा व्हॉल्व्हचा साइज कोणता छापायचा, उत्तर मंगळवारी मिळतं. म्हणून कॅटलॉगचे नऊही ब्लॉक शुक्रवारी साडेपाचपर्यंत संपले पाहिजेत: सोमवारी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी एक, गुरुवारी एक, शुक्रवारी तीन. मग त्यांना बघायला पूर्ण दोन दिवस मिळतात, मंगळवारी अडीचला फोनवर शंका मिटतात, आणि साडेतीनला तुम्ही करेक्शनला बसता. पुण्याचं आणि पोस्टचं काम उरलेल्या जागांत आणि शनिवारी बसतं, कारण तेव्हा तिकडून कोणी विचारायला नसतं. प्रत्येक ग्राहकाचा सुट्टीचा वार पहिल्याच फोनवर विचारून घ्या. दसरा-दिवाळीच्या आधी प्रेसवाल्यालाही विचारा, कारण त्या दिवसांत छपाईची ठरलेली वेळ हुकली तर पुढची लगेच मिळत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना चकवते: बारकं करेक्शन. "दादा, फक्त नंबर बदलायचाय की, दहा मिनिटांचं काम." एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक बदलायचा आहे, मान्य. पण तो सहा लेबलांवर आहे. चालू कॅटलॉग बंद करा, बरोबर फाइल शोधा, सहा ठिकाणी बदला, प्रत्येक अंक जुळवून बघा, सहा पीडीएफ काढा, पाठवा, जुन्या फाइलचं नाव बदला. 40 मिनिटं जातात, आणि परत कॅटलॉगमध्ये डोकं लागायला आणखी पंधरा. दिवसात अशी तीन आली की एक ब्लॉक अख्खा गेला आणि दुसराही अर्धा विस्कटला. म्हणून करेक्शन कितीही बारकं असलं तरी करेक्शनच्याच ब्लॉकमध्ये. त्याला अपवाद एकच: प्रेसवर प्लेट बनायला निघाली असेल तर.

हे ग्राहकाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे, नाहीतर तो रागावणारच. कोटेशनमध्ये तीन ओळी पुरतात: "करेक्शन एकाच यादीत, मंगळवारी दुपारी 2 पर्यंत आली तर गुरुवारी संध्याकाळी सुधारित फाइल मिळेल. त्यानंतर आलेली करेक्शन पुढच्या मोकळ्या वेळेत केली जातील. दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत." एकाच यादीत हा शब्द खोडू देऊ नका. मालक, त्यांचा भाऊ आणि मार्केटिंगचा माणूस तिघे वेगवेगळे व्हॉइस मेसेज पाठवत असतील तर एक तृतीयांशाचा हिशेब संपला. तिथे अर्धा धरा, आणि दरही तसा लावा.

पानाला 40 मिनिटं हा आकडा आणायचा कुठून, असं तुम्ही विचाराल. अंदाजाने नाही. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं 34 दिवस. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. आपण सगळे त्या विद्यार्थ्यांपैकीच. तीन-चार कामं होईपर्यंत वहीत प्रत्येक बैठकीची सुरुवात आणि शेवट लिहा. नवं काम आणि करेक्शन यांचे रकाने वेगळे ठेवा, एवढं पथ्य पाळा. दोन्ही एकत्र लिहिलं तर पान तासाभराचं दिसतं आणि करेक्शनचा ब्लॉक पुन्हा गायब होतो. महिनाभरात तुमचे आकडे तुमच्याकडे असतील. इथे दिलेले वाचून तसेच वापरू नका.

ॲपबद्दल मत स्पष्ट आहे. आठ रंगांचं कॅलेंडर रंगवण्यात रविवार घालवणारे आणि पहाटे पाचला उठवणारे कोर्स विकणारे, दोघांपासून लांब राहा. त्या कोर्समध्ये तुम्हाला उठवतात, पण मंगळवारी दुपारी ग्राहकाला काय उत्तर द्यायचं ते कोणी शिकवत नाही. फुलस्केप कागदावर सहा उभे रकाने, तीन आडव्या ओळी, 18 चौकोन. करेक्शनचे चार आधी पेनाने रेघा मारून ठेवा आणि मग बाकीचे पेन्सिलने भरा. कोणाला गूगल कॅलेंडर सोयीचं वाटत असेल तर तिथेही तेच चार ब्लॉक दर आठवड्याला आपोआप येतील असे लावून ठेवा. कागद शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात भरायचा; सोमवारी सकाळी भरायला बसलं की पहिला ब्लॉक त्यातच जातो.

एखाद्या आठवड्यात करेक्शन आलीच नाहीत, तर त्या चौकोनात पुढच्या आठवड्याचं काम ओढा. पण त्या दिवशी, त्या वेळी. सोमवारीच "येणार नाहीत बहुतेक" म्हणून नवीन माणसाला तो ब्लॉक देऊन टाकू नका. असे आठवडे येतात आणि फार बरे वाटतात.

बुधवारी जेवायच्या आधी कागद एकदा बघा. तोवर नव्या कामाचे सहा-सात चौकोन संपलेले हवेत. दोनपेक्षा जास्त मागे असाल तर ते गुरुवार-शुक्रवारी भरून निघत नाही, तसा हिशेब मनात मांडूच नका. अडीचच्या फोनच्या तासात ज्याची तारीख सगळ्यात लवचीक आहे त्या ग्राहकाला सांगा: "साहेब, शुक्रवारऐवजी सोमवारी संध्याकाळी फाइल देतो, प्रेसची तारीख तीच राहील." बुधवारी सांगितलं तर बहुतेक जण "चालतंय की" म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला हेच वाक्य बोललात, तर तोवर त्यांनी प्रेसवाल्याला शब्द दिलेला असतो.