काळानिळा डोळा फोटोत लपवताना: आधी रंग, मग पोत

नागपुरात लग्नसराईत फोटो संपादनाचे काम करू लागलात, की साक्षगंधाच्या तोंडावर डोळ्याला क्रिकेटचा चेंडू लागलेला नवरदेव कधी ना कधी वाट्याला येतोच. नवखा संपादक अशा वेळी गालावरची त्वचा उचलून डोळ्याखाली चिकटवतो आणि फोटो तिथेच फसतो. कारण डोळ्याखालची त्वचा पातळ असते, तिच्यावर बारीक रेषा असतात आणि गालासारखी ठळक रंध्रे नसतात. मुळात मुका मार म्हणजे त्वचेखाली साकळलेले रक्त. वरचा पोत बहुधा शाबूत असतो, म्हणून बदलायचा असतो तो रंग आणि उजेड.

माझ्याकडे आलेल्या अशाच एका फोटोत, फोटोशॉपच्या Info पॅनेलमध्ये धडधाकट डोळ्याखाली R 178, G 130, B 106 असे आकडे दिसत होते, तर मार लागलेल्या बाजूला R 120, G 84, B 92. साध्या उजेडात त्वचेचा तांबडा आकडा सर्वांत मोठा, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. इथे निळा हिरव्याच्या वर गेला होता आणि जांभळेपणा त्यातूनच आला होता. मी Curves चा थर घेऊन तांबडा व हिरवा चॅनेल बराच, तर निळा थोडाच वर उचलला, थराचा मास्क काळा केला आणि मऊ ब्रशने, Flow 8 टक्क्यांच्या आसपास ठेवून, डागावर हळूहळू पांढरा रंग भरला. डागाची पिवळट-हिरवी कड मात्र याच थराने अधिकच पिवळी होते, म्हणून तिच्यासाठी निळा वाढवणारा आणि हिरवा किंचित उतरवणारा वेगळा थर लागतो.

दोन्ही डोळ्यांचे आकडे तंतोतंत जुळवू नयेत. दिवा एका बाजूला असेल तर दुसरी बाजू गडदच हवी, आणि डोळ्याखालची स्वाभाविक सावली पुसली की चेहरा मेणाचा वाटू लागतो.

मंगल कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात काढलेल्या फोटोत गडद भाग उजळला, की रंगीत दाणे वर येतात. तेवढ्याच भागातला रंगाचा दाणा कमी करावा, उजेडाचा दाणा राहू द्यावा. तो गेला की ठिगळ दिसते. खरचटलेली रेघ असेल तरच रिकाम्या थरावर Healing Brush वापरावा, Sample मध्ये Current & Below निवडावे आणि नमुना त्याच डोळ्याखालून, अगदी शेजारून घ्यावा. (पोलीस तक्रारीसाठी किंवा विम्यासाठी काढलेल्या फोटोला मात्र हात लावू नये, तिथे तो डाग हाच पुरावा असतो.)

शेवटी सगळ्यांवर Black & White चा तात्पुरता थर टाकून फोटो लहान करून पाहावा. डाग तरीही जाणवला, तर रंग जुळला असूनही उजेड कमी पडला आहे, आणि पुन्हा Curves कडेच वळावे लागते, ब्रशकडे नाही.