बँक खाते बदलल्याचा ईमेल: कार्यालयात सायबर सुरक्षेचे सत्र कसे घ्यावे

संगणकातले फारसे न कळणाऱ्या कर्मचाऱ्यांना व्हायरसचे प्रकार शिकवत बसू नका. पाऊण तासाच्या सत्राला दोन प्रसंग पुरतात. त्यातला बराचसा वेळ एकाच प्रसंगाला द्या: नेहमीच्या पुरवठादाराकडून आलेला ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल. त्यात बहुधा लिंकही नसते आणि व्हायरसही नसतो. त्यामुळे अँटिव्हायरसला काही सापडत नाही.

आदल्या दिवशी लेखा विभागाकडून बिलाचा एखादा जुना ईमेल घ्या, नावे व आकडे बदला आणि त्याच्या दोन प्रती छापा. खरा पत्ता असा समजू:

```
accounts@modernparts.example
```

पहिल्या प्रतीवर मात्र हा पत्ता घाला:

```
accounts@modemparts.example
```

r आणि n शेजारी आले की घाईत ते m सारखे दिसतात. दुसऱ्या प्रतीवर खराच पत्ता ठेवा आणि खाली आधीचा पत्रव्यवहारही जोडा.

सत्रात चार-चार जणांचे गट करून आधी पहिली प्रत द्या. “हा ईमेल खोटा आहे का?” असे विचारू नका, म्हणजे उत्तर आधीच फुटते. “आज पैसे पाठवायचे आहेत, काय कराल?” एवढेच विचारा. पाचेक मिनिटांत कुणीतरी पत्त्यातला फरक पकडेल. मग दुसरी प्रत द्या. पत्ता बरोबर दिसला की बहुतेक जण पैसे पाठवायला तयार होतात, आणि खरा धडा इथेच आहे.

दुसऱ्या प्रतीत असे धरले आहे की चोर पुरवठादाराच्याच मेलबॉक्समध्ये शिरलेला आहे. खात्री करायला ईमेलला उत्तर दिले तर तेही चोरच वाचेल. ईमेलखालच्या क्रमांकावर फोन केला तर कदाचित तोच उचलेल. थोडी रक्कम पाठवून पाहण्यानेही काही सिद्ध होत नाही, कारण चोराचे खातेही चालूच असते. म्हणून करारातला किंवा जुन्या नोंदीतला क्रमांक काढायचा, ओळखीच्या माणसाशी बोलायचे आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या मंजुरीशिवाय खाते बदलायचे नाही.

हा नियम बहुधा वरिष्ठांच्या घाईपुढे मोडतो. त्यामुळे “मी सांगितले तरी फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नका,” हे वाक्य वरिष्ठांनी स्वतः सत्रात उच्चारायला हवे. ते हजर नसतील तर सत्र पुढे ढकललेले बरे.

शेवटची दहा मिनिटे ‘पैसे गेलेच तर’ या दुसऱ्या प्रसंगासाठी ठेवा. आधी आपल्या बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला सांगायचे, लगेच आयटी विभागाला कळवायचे आणि ईमेल पुसायचा नाही, कारण त्याच्या हेडरमधून, म्हणजे ईमेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदीतून, तो कुठून आला याचा माग लागू शकतो.

महिन्याभराने खाते बदलाच्या नोंदी काढा. फोन कुणी, कुणाला आणि कोणत्या क्रमांकावर केला हे तिथे लिहिलेले नसेल, तर दुसरी प्रत घेऊन तेवढाच भाग पुन्हा घ्या.