आईचं इन्सुलिन फ्रिजमध्येच गोठत होतं

आईची शुगर तीन आठवडे २५०च्या खाली येईना, डोस तोच, जेवण तेच, मग एकदा नवीन व्हायल काढली तर दुधाळ इन्सुलिनमध्ये पांढरे कण दिसले, हलक्या हाताने फिरवूनही जाईनात. आमचा सिंगल डोअर फ्रिज, आणि मी व्हायल्स फ्रीजरखालच्या चिलर ट्रेमध्ये ठेवायचो, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं असं वाटायचं. थर्मामीटर ठेवून बघितलं तर पहाटे तिथे उणे १ डिग्री! एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही, आणि पाण्यासारखं असतं ते तर गोठून गेलं तरी दिसायला नॉर्मल दिसू शकतं. सगळ्या व्हायल्स टाकल्या, डॉक्टरांना सांगितलं, कारण नवीन चालू केल्यावर शुगर एकदम खाली येऊ शकते.

आता डबा मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून लांब, थर्मामीटर शेजारीच. नॉब एक नंबर कमी केला, आता ४ ते ६ असतं, २ ते ८ मध्ये राहिलं पाहिजे. दारात ठेवत नाही, उघडझाक फार होते.

लाईट गेली की दार बंदच, साधारण चार तास निभावतं. जास्त वेळ लागणार असेल तर व्हायल्स पिशवीत बांधून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवतो, बर्फाला चिकटवून कधीच नाही. चालू व्हायल तशीही ३० डिग्रीच्या खाली बाहेर चालते, आईची २८ दिवस, पण प्रत्येकाने आपल्या खोक्यावरचं वाचा.