उशिरा येणाऱ्या मदतनिसाला ताकीदपत्र कसे लिहावे
ताकीदपत्र लिहायच्या आधी हजेरीवही उघडा. ‘तुम्ही नेहमी उशिरा येता’ या वाक्यावर फक्त वाद होतो. तारीख आणि वेळ लिहिली की बोलणे मुद्द्यावर राहते. किराणा दुकानातल्या मदतनिसासाठी मजकूर असा होईल:

‘आपली कामाची वेळ सकाळी ९ ची ठरली आहे. ३, ५, ९ आणि १२ जूनला आपण अनुक्रमे ९.२५, ९.४०, ९.३० आणि ९.५० वाजता आलात. ६ जूनला याबद्दल तोंडी सांगितले होते. दुधाच्या क्रेट उतरवायला त्या वेळी कोणी नसते आणि गिऱ्हाईक परत जाते. १६ जूनपासून ९ वाजता हजर राहावे. अडचण आल्यास ८.३० पूर्वी फोन करावा. वेळेबाबत काही अडचण असेल तर दोन दिवसांत सांगावी. १५ जुलैला आपण पुन्हा बोलू. तोवर सुधारणा न दिसल्यास कामावर ठेवण्याबाबत विचार करावा लागेल.’

अडचण विचारणारे वाक्य गाळू नका. कधी कधी गावाकडची पहिली एसटीच उशिरा सुटते, मग ९.३० ते ६.३० अशी वेळ दोघांनाही सोयीची पडते. मात्र बदललेली वेळही लेखीच द्या.

पत्र गिऱ्हाइकांसमोर देऊ नका. बाजूला बसवून वाचून दाखवा, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर ‘पत्र मिळाले’ एवढ्यापुरतीच सही घ्या. ‘चूक मान्य’ असे लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. उशिराच्या मिनिटांपेक्षा जास्त पगार कापण्याची धमकी पत्रात अजिबात नको.