मोजणी पुन्हा करता येईल अशी कार्यपद्धती अहवालात कशी लिहावी

पदव्युत्तर वर्गातील प्रकल्प अहवालांत कार्यपद्धतीचे प्रकरण बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने लिहिले जाते. त्यात एखादे वाक्य हमखास आढळते: ‘परळ परिसरातील रुग्णालयांजवळ विविध ठिकाणी ध्वनिपातळी मोजण्यात आली व तिची सरासरी काढण्यात आली.’ वाक्य निर्दोष आहे, पण ते वाचून कोणालाही परळला जाऊन तीच मोजणी करता येणार नाही. कोणत्या ठिकाणी, कधी, कशाने, किती वेळ आणि कसली सरासरी, यांतले काहीच त्यात नाही. हेच वाक्य दुसऱ्याला वापरता येईल असे कसे करावे, हे या लेखात पायरीपायरीने पाहू. उदाहरण आचार्य दोंदे मार्गावरील, म्हणजे केईएम आणि वाडिया रुग्णालयांसमोरच्या रस्त्यावरील ध्वनिपातळीच्या मोजणीचे घेतले आहे. अशी मोजणी एखादा विद्यार्थी साध्या उपकरणाने करू शकतो, आणि ती लिहिताना काय काय निसटते तेही त्यात स्पष्ट दिसते.

पहिली पायरी: काय मोजले ते एका वाक्यात ठरवा

‘ध्वनिप्रदूषणाचा अभ्यास’ हा विषय झाला, मोजलेली राशी नव्हे. अहवालात असे वाक्य हवे: ‘रुग्णालयासमोरील पदपथावर, कामाच्या दिवशी सकाळी, पंधरा मिनिटांच्या कालावधीतील ए-भारित समतुल्य ध्वनिपातळी मोजली.’ ‘ए-भारित’ म्हणजे माणसाच्या कानाला कमी जाणवणाऱ्या कंप्रतांना कमी वजन देऊन मोजलेली पातळी. ‘समतुल्य’ म्हणजे चढउतार होणाऱ्या आवाजातील एकूण ऊर्जेइतकीच ऊर्जा असलेली स्थिर पातळी.

हे वाक्य आधी लिहिले की पुढची एक चूक टळते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ‘दिवस’ म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ही मर्यादा त्या कालावधीच्या सरासरी पातळीसाठी आहे. तुमची मोजणी पंधरा मिनिटांची असेल, तर तिची ५० शी तुलना करताना तुम्ही पंधरा मिनिटांचा आकडा सोळा तासांच्या मर्यादेसमोर ठेवत आहात, हे कार्यपद्धतीतच नोंदवावे लागते.

दुसरी पायरी: जागा अशी लिहा की तिथे उभे राहता येईल

इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण सर्वाधिक घोटाळा जागेच्या वर्णनातच होतो. ‘रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ’ हे वर्णन पुरत नाही. मोठ्या रुग्णालयाला एकापेक्षा अधिक दारे असतात, आणि दारापासून दहा पावले इकडेतिकडे झाले की आकडा बदलतो. वाहतुकीच्या सलग रांगेपासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण ३ डेसिबलने उतरते. उलट, भिंतीला अगदी लागून उपकरण धरले तर परावर्तित आवाजामुळे ती जवळजवळ तितकीच वाढू शकते. दोन विद्यार्थ्यांपैकी एक पदपथाच्या कडेला आणि दुसरा कुंपणाच्या भिंतीला टेकून उभा राहिला, तर त्यांच्या आकड्यांतील फरकाचे कारण रस्त्यात शोधून सापडणार नाही.

म्हणून चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या दाराच्या कोणत्या बाजूला किती मीटरवर, पदपथाच्या रस्त्याकडील कडेपासून किती अंतरावर, पाठीमागच्या भिंतीपासून किती अंतरावर, आणि जमिनीपासून किती उंचीवर. उंची बहुधा १.२ ते १.५ मीटर ठेवतात. भिंतीपासून साडेतीन मीटर दूर राहावे असा संकेत आहे, परंतु मुंबईच्या अरुंद पदपथावर, तेही एका कडेला फेरीवाले आणि दुसऱ्या कडेला उभ्या टॅक्सी असताना, तितकी जागा क्वचितच मिळते. न मिळाल्यास संकेत पाळल्यासारखे लिहू नये. प्रत्यक्ष मोजलेले अंतर लिहावे आणि जागा मिळाली नाही हेही लिहावे. जीपीएसचे अक्षांश-रेखांश द्यायला हरकत नाही, पण उंच इमारतींमध्ये मोबाइलचे स्थान काही मीटरने हलते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. उपकरण जागेवर ठेवलेले असताना दोन दिशांनी काढलेली छायाचित्रे परिशिष्टात जोडली, तर पाव पानाचे वर्णन वाचते.

जागा कशी निवडली हेही तिथेच यावे. सावली होती म्हणून ती जागा घेतली असेल तर तसे लिहावे. यात लाजण्यासारखे काही नाही, कारण पुढच्या माणसाला कारण कळले तरच ती जागा ठेवायची की बदलायची हे त्याला ठरवता येते.

तिसरी पायरी: वेळ आणि परिस्थिती

तारखा, वार आणि घड्याळाची वेळ द्यावी. ‘सकाळी’ म्हणजे साडेसहा की साडेदहा, यात बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीचा सगळा फरक सामावलेला आहे. पावसाळ्यातील मोजणी असेल तर रस्ता ओला होता की कोरडा हे नोंदवावे, कारण ओल्या रस्त्यावर टायरांचा आवाज वाढतो. सणाची मिरवणूक, रस्त्याचे खोदकाम किंवा शेजारच्या इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर त्याचाही उल्लेख हवा. त्या दिवशीचे सगळे हवामान मात्र उतरवून काढण्याची गरज नाही. आकड्यावर परिणाम करू शकेल तेवढेच पुरे.

चौथी पायरी: उपकरण आणि त्यावरील कळा

उपकरणाचे नाव, मॉडेल आणि वर्ग लिहावा. नंतर त्यावर केलेली निवड लिहावी: ए-भारण, आणि प्रतिसाद जलद की मंद. जलद प्रतिसादाचा कालांक १२५ मिलिसेकंद असतो आणि मंद प्रतिसादाचा एक सेकंद, त्यामुळे एकाच हॉर्नला दोन्हींवर वेगळे आकडे उमटतात. मायक्रोफोनवर स्पंजचे वातरोधक आवरण होते का, हेही सांगावे. मोजणीपूर्वी आणि नंतर अंशांकन केले असेल, उदाहरणार्थ १००० हर्ट्झवर ९४ डेसिबल देणाऱ्या अंशांककाने, तर दोन्ही वेळचे वाचन द्यावे. दोहोंत अर्ध्या डेसिबलहून अधिक फरक पडला तर ती मोजणी बाद धरण्याची प्रथा आहे. तुम्ही कोणता नियम पाळला ते लिहा.

मोबाइल अॅप वापरले असेल तर ते लपवू नये. फोनचे मॉडेल, अॅपचे नाव आणि आवृत्ती द्यावी, कारण एकच अॅप दोन फोनांवर वेगळे आकडे दाखवू शकते.

पाचवी पायरी: नोंद कशी घेतली

साध्या उपकरणात समतुल्य पातळी आपोआप निघत नाही, ती हाताने टिपलेल्या वाचनांवरून काढावी लागते. दर दहा सेकंदांनी एक, अशी पंधरा मिनिटांत नव्वद वाचने होतात. आता पडद्यावर आकडा सतत नाचत असतो. दहावा सेकंद पडतो त्या क्षणी ६८ दिसत होते, पण त्याच्या जरा आधी बसने हॉर्न दिला आणि ८१ चमकून गेले. टिपणाऱ्याचा हात ८१ कडे वळतो, कारण तेच लक्षात राहते. असे पाच-सहा वेळा झाले की संपूर्ण मोजणी वर सरकते. म्हणून नियम शब्दांत लिहावा: ‘दहाव्या सेकंदाच्या ठोक्याला पडद्यावर दिसणारा आकडाच टिपला, मधला सर्वोच्च आकडा नाही. एकाने घड्याळ पाहून आवाज दिला, दुसऱ्याने आकडा टिपला.’

याच ठिकाणी वगळलेल्या नोंदींचा हिशेब द्यावा. शेजारी कोणी मोठ्याने बोलले म्हणून चार वाचने गाळली असतील तर तसे सांगावे. रुग्णवाहिकेच्या सायरनचा प्रश्न याहून अवघड आहे. रुग्णालयासमोर सायरन हा अपवाद मानायचा की त्या जागेचा नेहमीचा आवाज? माझ्या मते तो ठेवावा, आणि शक्य असल्यास सायरनसह व सायरनविना असे दोन्ही आकडे द्यावेत. निर्णय कोणताही असो, तो मोजणीपूर्वी घेतला की आकडे पाहून घेतला, हे वाचकाला समजले पाहिजे.

सहावी पायरी: सरासरी म्हणजे नेमके काय

डेसिबल हे लघुगणकी माप असल्यामुळे वाचनांची बेरीज करून संख्येने भागणे चुकीचे ठरते. ६० आणि ८० यांची साधी सरासरी ७० येते, परंतु ऊर्जेची सरासरी सुमारे ७७ येते. ‘सरासरी काढली’ एवढेच लिहिणारा अहवाल वाचकाला सात डेसिबलच्या अनिश्चिततेत सोडून देतो. म्हणून सूत्र द्यावे:

```
Leq = 10 * log10( (1/n) * Σ 10^(Li/10) )
```

येथे `Li` म्हणजे प्रत्येक वाचन आणि `n` म्हणजे वाचनांची संख्या. गणित स्प्रेडशीटमध्ये केले असेल तर त्या रकान्यातील सूत्रही जसेच्या तसे परिशिष्टात ठेवावे:

```
=10*LOG10(SUMPRODUCT(10^(B2:B91/10))/COUNT(B2:B91))
```

गाळलेल्या वाचनांच्या जागा रिकाम्या सोडून हे सूत्र वापरू नये. रिकाम्या पेशीला स्प्रेडशीट शून्य धरते, आणि त्या शून्याचे 10^0 म्हणजे १ होऊन ते बेरजेत मिसळते. या पातळ्यांना त्याने फरक जाणवणार नाही, पण गाळलेली वाचने वेगळ्या रकान्यात ठेवून उरलेली सलग लावली, तर तपासणाऱ्याला काय गाळले तेही दिसते.

आता मूळ वाक्य पुन्हा लिहू

नमुन्यादाखल, आकडे आपापल्या मोजणीचे घालून, परिच्छेद असा होईल: ‘आचार्य दोंदे मार्गावरील अमुक दाराच्या उजवीकडे ५ मीटरवर, पदपथाच्या कडेपासून १ मीटर आत आणि कुंपणाच्या भिंतीपासून १.८ मीटरवर, तिपाईवर १.३ मीटर उंचीवर वर्ग २ चा ध्वनिपातळीमापक ठेवला. ए-भारण आणि मंद प्रतिसाद निवडला होता. तीन कामाच्या दिवशी सकाळी ९.३० ते ९.४५ या वेळेत दर दहा सेकंदांनी वाचन टिपले. रस्ता तिन्ही दिवशी कोरडा होता. सायरनची वाचने गाळली नाहीत. निरीक्षकांजवळ झालेल्या बोलण्यामुळे दुसऱ्या दिवशीची चार वाचने गाळली.’ परिच्छेद भूतकाळात आहे, हे पाहावे. प्रस्तावात ‘पाच दिवस मोजले जाईल’ असे असते आणि प्रत्यक्षात तीनच दिवस जमते. अहवालात तीनच यायला हवेत, आणि दोन का राहिले तेही.

ध्वनी म्हणजे काय, डेसिबलचा शोध कसा लागला, यांवरची पाने या प्रकरणातून काढून टाकावीत. ती कोणालाही मोजणी करायला मदत करत नाहीत.

शेवटची पायरी: दुसऱ्याकडून तपासून घ्या

प्रकल्पात नसलेल्या वर्गमित्राला फक्त हे प्रकरण द्यावे आणि उपकरण घेऊन त्या रस्त्यावर उभे राहायला सांगावे. तुम्ही सोबत जावे, पण बोलू नये. तो जिथे थांबून ‘आता?’ म्हणून तुमच्याकडे पाहील, ती जागा टिपून ठेवावी, कारण तिथे एक वाक्य कमी आहे. त्याला तुमचाच आकडा मिळावा अशी अपेक्षा करू नये, कारण रहदारी रोज सारखी नसते. त्याने तीच जागा, तीच वेळ, त्याच कळा आणि तीच आकडेमोड वापरली का, एवढे पाहावे. मूळ नोंदवहीच्या पानांच्या छायाप्रती, खाडाखोडीसह, परिशिष्टात जोडाव्यात आणि कोणत्या पानावर कोणत्या दिवसाची वाचने आहेत ते कार्यपद्धतीच्या प्रकरणातच सांगावे.