विमान उतरताना लहान मुलाचे रडणे टाळण्यासाठी

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला जाताना दोन-अडीच वर्षांचे मूल उतरण्याच्या सुमारास एकाएकी किंचाळू लागले, तर तो बहुधा हट्ट नसतो, कानात दडे बसून दुखत असते. काही गिळले की दडे सुटतात, म्हणून सगळा खाऊ विमान वर चढत असतानाच संपवू नये. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी झोपलेल्या मुलाला हळुवार उठवावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. मग पट्टा बांधून ताठ बसवावे आणि स्ट्रॉने पाण्याचे छोटे घोट व अधूनमधून तूप-गूळ लावलेल्या मऊ पोळीचा एकेक घास, चाके धावपट्टीला टेकेपर्यंत पुरवून पुरवून द्यावा. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात मात्र घास कोंबू नये. शेंगदाणे आणि चिक्की घशात अडकू शकतात, ती घरीच ठेवावीत. सर्दी किंवा कानदुखी असल्यास प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवावे.