स्पेनमध्ये लायसन्सचं ऑनलाइन नूतनीकरण: या चुका टाळा

भारतीय लायसन्स देऊन स्पॅनिश लायसन्स मिळत नाही. त्यामुळे तिथे राहणाऱ्या आपल्या बहुतेकांनी ते स्थानिक परीक्षा देऊन मिळवलेलं असतं. मुदत संपत आली की पहिली चूक वाहतूक खात्याच्या sede.dgt.gob.es या वेबसाइटवर होते: वैद्यकीय दाखला अपलोड करायचं बटण शोधत बसणं. स्पेनमध्ये राहणाऱ्याला तो सहसा अपलोड करावाच लागत नाही. चालकांची तपासणी करणारं अधिकृत केंद्र तुमचा फोटो आणि सही घेतं आणि अहवाल थेट वाहतूक खात्याला पाठवतं. तुमच्या नावावर अहवाल दिसत नसेल, तर पुन्हा पुन्हा लॉगिन करू नका. केंद्राला फोन करून दोनच गोष्टी विचारा: अहवाल गेला का, आणि तुमचा NIE, म्हणजे परदेशी नागरिकांचा ओळख क्रमांक, बरोबर टाकला होता का.

त्याच फोनवर आणखी एक विचारा: पुढचा अर्ज तुम्हीच भरणार का? बरीच केंद्रं शुल्कासकट सगळं करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. हे न विचारता घरी येऊन Tasa 4.3 हे नूतनीकरणाचं शुल्क भरलं, तर एकाच कामाचे पैसे दोनदा जातात. न वापरलेलं शुल्क परत मागता येतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ पैसे भरल्यावर होतो. २४.५८ युरो गेले, पावती आली, की माणूस निश्चिंत होतो. पण शुल्क भरणं आणि अर्ज सादर करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पावतीवरचा शुल्क क्रमांक अर्जात वापरला गेला, तरच नूतनीकरण पुढे सरकतं. तुमच्या हातात शेवटी तात्पुरता परवाना यायला हवा. नुसती रक्कम आणि क्रमांक असलेला कागद म्हणजे फक्त पावती. पैसे भरताना स्क्रीन अडकली, तर आधी बँकेचं खातं पाहा, मगच पुन्हा प्रयत्न करा. सत्तरी ओलांडलेल्यांना हे शुल्क माफ आहे.

तारखांचं गणितही जपा. समजा, लायसन्स १५ सप्टेंबरला संपतं. मुदतीआधी तीन महिने, म्हणजे १५ जूनपासून अर्ज करता येतो आणि नवी मुदत जुनी संपल्यापासूनच मोजली जाते, त्यामुळे घाई केल्याने दिवस वाया जात नाहीत. २० जूनला तपासणी केली, तर ९० दिवसांचा अहवाल १८ सप्टेंबरपर्यंत चालेल. मेमध्येच तपासणी उरकली असेल, तर अर्ज रेंगाळू देऊ नका. अहवालाची मुदत लायसन्सच्या आधी संपेल.

कार्ड टपालाने खात्याकडे नोंदलेल्या पत्त्यावर येतं, म्हणून घर बदललं असेल तर अर्जाआधी पत्ता दुरुस्त करून घ्या. आणि तोवर गाडी घेऊन फ्रान्स किंवा पोर्तुगालला जायचा बेत असेल, तर थांबा: तात्पुरता परवाना फक्त स्पेनच्या हद्दीत चालतो.